रिक्रूटरचा फोन येणार आहे: नोटीस, तारखा आणि शांत जागा यांबद्दल नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

अकरा वर्षं मी फोनच्या दुसऱ्या टोकाला होतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली मुलं-मुली चाकण, तळेगाव, मुंबईच्या कंपन्यांना सुचवायची, हे माझं काम. ज्ञान कमी पडलं म्हणून पहिल्या फोनवर फार थोडे जण गळाले. नोटीस पीरियडचं उत्तर गुळमुळीत आलं, किंवा ते धड ऐकूच आलं नाही, म्हणून गळालेले बरेच. त्यामुळे इथले बहुतेक प्रश्न त्या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

हा फोन म्हणजे इंटरव्ह्यूच ना?

नाही. इंटरव्ह्यू पुढे विभागप्रमुख घेतात. हा फोन दहा-पंधरा मिनिटांचा असतो आणि रिक्रूटरसमोर एक एक्सेल शीट उघडी असते. एकूण अनुभव, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पीरियड, सध्याचं गाव, बदलाचं कारण. तुम्ही बोलत असता तेव्हा ती एकेक रकाना भरत असते. तुमच्या तीन मिनिटांच्या उत्तरातून तिला रकान्यात एक आकडा किंवा चार शब्द टाकायचे असतात. ते तुम्ही हातात दिले नाहीत, तर ती स्वतःच्या अंदाजाने टाकते, आणि मग तोच अंदाज तुमच्या नावावर पुढे जातो.

मी शॉप फ्लोअरवर असतो, फोन लॉकरमध्ये. कॉल हुकला तर संधी गेली का?

जात नाही, पण दिवस मात्र जातो. रिक्रूटर रोज पन्नासेक जणांना फोन लावते. तुम्ही संध्याकाळी सहाला परत फोन केला की ती दुसऱ्या कामात असते, आणि मग दोन दिवस नुसती आंधळी कोशिंबीर चालते. त्यापेक्षा मिस्ड कॉल दिसला की लगेच असा मेसेज टाका:

“नमस्कार मॅडम, आपला कॉल सकाळी ११.२० ला आला होता. मी पहिल्या शिफ्टला असल्याने फोन जवळ नव्हता. आज ४.३० ते ६ किंवा उद्या ४ नंतर निवांत बोलू शकतो. कोणत्या पदासाठी बोलायचं आहे ते कळवाल का?”

मेसेज इंग्रजीत टाकलात तरी चालेल, आशय हाच ठेवा. वेळ नेमकी, दोन पर्याय, आणि पदाचं नाव विचारलेलं. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण तुम्ही पाच ठिकाणी अर्ज केलेला असतो आणि फोनवर “कुठली कंपनी म्हणालात?” असं विचारणं बरं दिसत नाही.

आणि फोन उचलला गेलाच, पण तुम्ही मशीनशेजारी असाल, तर धाडस करू नका. “मॅडम, मी लाइनवर आहे, इथे आवाज आहे. साडेचारला मीच फोन करू का?” एवढं म्हणून ठेवून द्या. याचा राग कुठल्याच रिक्रूटरला येत नाही. राग येतो तो “हां हां बोला” म्हणून वीस मिनिटं ओरडत बोलणाऱ्याचा.

शांत जागा म्हणजे नक्की किती शांत? थोडाफार आवाज चालतो की.

माझ्याच चुकीचा एक किस्सा सांगतो. सातपूरच्या एका प्रेस शॉपमधला मुलगा चहाच्या सुट्टीत शेडच्या दाराशी उभा राहून बोलत होता. आमचं बोलणं हिंदीत चाललं होतं. नोटीस किती, तर तो म्हणाला “साठ दिन”. मागे प्रेसचा ठोका पडला आणि मी ऐकलं “सात दिन”. मी शीटमध्ये ‘सात दिवस, नोटीसवर आहे’ असं भरलं. क्लायंट खूश झाला, त्याला दोन फेऱ्यांतून पुढे नेलं, आणि ऑफरच्या वेळी खरा आकडा बाहेर आला. त्यांना माणूस महिन्याभरात हवा होता. मुलगा खोटं बोलला असंच सगळ्यांना वाटलं. मी चूक कबूल केली, पण जागा तोवर दुसऱ्याला गेली होती.

साठ आणि सात, थर्टी आणि थर्टीन, फिफ्टी आणि फिफ्टीन. फोनच्या आवाजात शब्दाची शेवटची व्यंजनं सगळ्यात आधी हरवतात, आणि आकड्यांमधला फरक नेमका तिथेच असतो. म्हणून ‘साठ दिवस’ म्हणण्यापेक्षा ‘दोन महिने’ म्हणा आणि जोडीला तारीख सांगा. आवाजात एक हरवलं तरी दुसरं पोचतं.

जागेचं म्हणाल, तर घर सगळ्यात बरं, पण घराचंही वेळापत्रक असतं. सिडकोत, इंदिरानगरात सकाळी घंटागाडी गाणं वाजवत येते, तिच्यामागे भाजीवाल्याचा भोंगा, आणि साडेदहाला कुकरच्या शिट्ट्या. फोन अकराचा असेल तर घरच्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा. खोली निवडताना रिकामी खोली टाळा, तिथे आवाज घुमतो. गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली बेडरूम चांगली. पंखा बंद करा किंवा एकवर ठेवा, कारण इअरफोनच्या माइकवर वारा आला की पलीकडे सतत खरखर जाते. वायरचा इअरफोन असेल तर त्याचा माइक शर्टच्या कॉलरला घासत नाही ना, हेही बघा. ही खरखर तुम्हाला स्वतःला कधीच ऐकू येत नाही, म्हणून आदल्या दिवशी त्याच जागेवरून मित्राला फोन लावून विचारा.

घर शक्य नसेल तर उभी केलेली गाडी हा माझ्या मते दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय. काचा बंद, एसी बंद, इंजिन बंद. फक्त ती मुंबई नाक्याला किंवा द्वारकेला रस्त्याकडेला लावू नका, आतल्या गल्लीत घ्या. आणि गाडीचं ब्लूटूथ आठवणीने बंद करा. फोन मध्येच गाडीच्या स्पीकरवर उडी मारतो, आणि तुम्ही कानाला मोबाइल लावून “हॅलो, हॅलो” करत बसता.

कॉलेज रोडचा कॅफे नको, तिथे मिक्सर आणि गाणी दोन्ही. वाचनालयाची अभ्यासिका शांत असते, पण तिथे बोलता येत नाही. हे लिहावं लागतंय, कारण दोन जणांनी मला अभ्यासिकेतून कुजबुजत उत्तरं दिली आहेत. सध्याच्या कंपनीची मीटिंग रूम तर अजिबात नको. आवाजाचा प्रश्न नाही, पण तिथे बसून माणूस पगाराचा आकडा मोकळ्या आवाजात सांगत नाही.

“नोटीस पीरियड किती?” याचं नेमकं उत्तर काय द्यावं?

एका दमात तीन गोष्टी सांगा: पत्रात काय लिहिलंय, त्यात कमी-जास्त काय होऊ शकतं, आणि त्यावरून तुम्ही अंदाजे कोणत्या तारखेला रुजू होऊ शकता.

“मॅडम, अपॉइंटमेंट लेटरप्रमाणे दोन महिने. बायआउटची सोय लेटरमध्ये आहे, पण ते मॅनेजरच्या मंजुरीवर आहे, म्हणून मी पूर्ण दोन महिनेच धरतो. तेवीस जूनपर्यंत ऑफर आली तर एक सप्टेंबरला जॉइन होऊ शकतो.”

हे बोलायला वीस सेकंदंही लागत नाहीत. आता याच प्रश्नाला येणारं नेहमीचं उत्तर ऐका: “तसं दोन महिने आहे, पण बोलून बघू, होईल कमी, आमचे सर चांगले आहेत.” यातून रकान्यात काय भरायचं? एखादी ‘दोन महिने’ भरते, एखादी ‘एक महिना, निगोशिएबल’ भरते, आणि पुढे तुमच्याच नावावर ‘आधी एक महिना म्हणाला होता’ असा शेरा येतो.

लेटरमध्ये एक महिना आहे, पण कंपनीत सगळे तीन महिने म्हणतात. काय सांगू?

आधी कागद काढा. रुजू होतानाचं लेटर, कायम केल्याचं कन्फर्मेशन लेटर, आणि बढती मिळाली असेल तर त्या वेळचं लेटर. प्रोबेशनमध्ये नोटीस कमी असते आणि कन्फर्म झाल्यावर वाढते, हे सर्रास होतं. बढतीच्या पत्रात, पगारवाढीच्या आनंदात, आपण ती ओळ वाचतच नाही. सगळ्यात शेवटच्या पत्रातला आकडा सांगा. नंतरच्या पत्रांत काहीच नसेल, तर एचआर पॉलिसी बघा. फोनच्या आधी ही दहा मिनिटं काढाच.

दिवस कसे मोजायचे? माझी आणि रिक्रूटरची तारीख जुळत नाही.

बहुतेक वेळा घोळ इथेच होतो, म्हणून २०२५ मधलं एक उदाहरण पूर्ण मांडतो. अंबडच्या एका कंपनीतला क्वालिटी इंजिनिअर, नोटीस ६० दिवस. स्क्रीनिंगचा फोन आला मंगळवारी, १० जूनला. त्याने सांगितलं “साठ दिवस” आणि तो थांबला. रिक्रूटरने त्याच दिवसापासून मोजलं आणि तिच्या डोक्यात ८-९ ऑगस्ट बसलं.

पण नोटीस फोनच्या दिवशी सुरू होत नाही. ती राजीनाम्याच्या दिवशी सुरू होते, आणि हातात लेखी ऑफर असल्याशिवाय राजीनामा द्यायचा नसतो. अजून दोन फेऱ्या बाकी होत्या. सगळं सुरळीत झालं तर ऑफर शुक्रवारी, २० जूनला, आणि राजीनामा सोमवारी, २३ जूनला. आता मोजा: जूनचे ८ दिवस, जुलैचे ३१, झाले ३९. उरलेले २१ ऑगस्टमध्ये. म्हणजे शेवटचा दिवस गुरुवार, २१ ऑगस्ट. राजीनाम्याचा दिवस धरायचा की नाही यात कंपन्यांची पद्धत वेगळी असते, तेव्हा एक दिवस इकडे-तिकडे. आणि हे कॅलेंडरचे दिवस आहेत, रविवार-सुट्ट्या धरून, लेटरमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर.

२१ ला सुटका, तर पुढचा सोमवार २५ ऑगस्ट. पण २७ ला गणेश चतुर्थी होती आणि त्याच्या घरी गणपती बसतो. नव्या कंपनीत तिसऱ्या दिवशी सुट्टी मागण्यापेक्षा १ सप्टेंबर ही तारीख आधीच सांगितलेली बरी. आता बघा, रिक्रूटरच्या डोक्यातली ९ ऑगस्ट आणि याची १ सप्टेंबर, यांत तीन आठवड्यांचं अंतर. दोघांपैकी कोणीही खोटं बोललेलं नाही. पहिल्याच फोनवर तारीख बोलली गेली नाही, इतकंच.

म्हणून फोनच्या आधी कॅलेंडर घेऊन हा हिशोब कागदावर करा आणि तो कागद समोर ठेवा. सणवार, घरचं लग्न, बायकोच्या बाळंतपणाची तारीख, जे काही असेल ते याच हिशोबात धरा. “गणपतीनंतर जॉइन होतो” म्हणायला लाजू नका. मराठी माणसाच्या गणपतीबद्दल चाकणच्या एचआरला समजावून सांगावं लागत नाही.

शिल्लक रजा नोटीसमध्ये वळत्या होतील, असं धरून तारीख अलीकडे ओढू नका. काही कंपन्या वळत्या करतात, काही त्याचे पैसे देतात, आणि नोटीसमध्ये घेतलेल्या रजेइतके दिवस पुढे ढकलणाऱ्याही आहेत.

बायआउट म्हणजे नक्की किती पैसे? आणि ते कोण भरतं?

राहिलेल्या नोटीसच्या दिवसांचा पगार तुम्ही कंपनीला देता. सहसा तो फुल अँड फायनलमधूनच कापला जातो. किती, ते लेटरमधल्या एका शब्दावर ठरतं: बेसिक की ग्रॉस. समजा ग्रॉस ४८,००० आणि बेसिक २४,००० आहे आणि तुम्हाला ३० दिवस विकत घ्यायचे आहेत. बेसिकवर असेल तर २४,००० कापले जातील, ग्रॉसवर असेल तर ४८,०००. फोनवर “बायआउट होईल” म्हणण्याआधी हा शब्द शोधा. या वसुलीवर कोणी जीएसटी लावत असेल, तर ऑगस्ट २०२२ मधलं सीबीआयसीचं परिपत्रक त्यांना दाखवा. नोटीसच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे त्यात स्पष्ट केलं आहे.

नवी कंपनी ही रक्कम परत देते का? कधी देते, आणि मग वर्षाच्या आत सोडलंत तर ती परत घेण्याची अट घालते. पहिल्याच फोनवर त्याची मागणी करू नका, पण रिक्रूटरने “लवकर जमेल का?” विचारलं, तर हाच क्षण असतो: “तीस दिवसांत येऊ शकतो, मॅनेजरने मान्य केलं आणि बायआउटची रक्कम कंपनीने उचलली तर. नाहीतर एक सप्टेंबर.” दोन अटी, दोन तारखा. लिहून घ्यायला सोपं.

नोकरीच्या पोर्टलवर ‘१५ दिवस किंवा कमी’ टाकलं की फोन जास्त येतात. टाकू का?

फोन येतात, हे खरं. रिक्रूटर त्याच गाळणीने यादी काढते. पण पहिल्याच वाक्यात खरा आकडा कळतो आणि ती फोन ठेवते, वर तुमच्या नावापुढे खूण करते. नाशिकमध्ये या धंद्यातली माणसं मोजकी आहेत, आणि एकाच उमेदवाराचा सीव्ही तीन कन्सल्टंटकडे असतो.

काहीजण याहून पुढे जाऊन “मी आधीच सोडलंय” असं सांगतात. नंतरच्या पडताळणीत रिलिव्हिंग लेटर मागतात आणि पीएफच्या नोंदी बघतात. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. तेव्हा उत्तर काय देणार?

मी खरंच राजीनामा दिलाय, एक ऑफरही हातात आहे. सांगू का?

सांगा, आणि नेमकं सांगा: राजीनामा कधी दिला, शेवटचा दिवस कोणता, आणि तो कंपनीने मेलवर मान्य केलाय का. “अठरा जुलै माझा लास्ट वर्किंग डे आहे, एचआरचा मेल आलाय” हे वाक्य रिक्रूटरला सोन्यासारखं. ऑफर आहे हे सांगितलंत तर ती हमखास विचारणार की मग बदलायचं कशाला. त्याचं एक खरं कारण तयार ठेवा: गाव, कामाचं स्वरूप, शिफ्ट. निव्वळ पगार हे कारण असेल तर तुम्ही आमचीही ऑफर दाखवून तिसरीकडे जाल, असंच तिला वाटतं. माझ्या मते त्यात तिची चूक नाही.

“इंटरव्ह्यूला कधी येऊ शकता?” यावर “कधीही” म्हटलं तर बरं वाटतं ना?

तुम्हाला बरं वाटतं, तिला नाही. “कधीही” म्हटलं की ती गुरुवारी सकाळी अकराची वेळ लावते, आणि मग तुम्ही बुधवारी रात्री फोन करता की उद्या ऑडिट आहे. शिफ्टचं वेळापत्रक बघून दोन-तीन ठोस वेळा द्या: “या आठवड्यात पहिली शिफ्ट आहे, रोज चारनंतर ऑनलाइन. प्रत्यक्ष यायचं तर शनिवारी, किंवा दोन दिवस आधी कळवलं तर कुठल्याही दिवशी रजा टाकून.”

नाशिकहून चाकणला प्रत्यक्ष बोलावलं तर सकाळी दहाची वेळ घेऊ नका. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर असं करत राजगुरुनगरला पोचेपर्यंत ट्रॅफिकने तुमचा जीव काढलेला असतो. दुपारी दोन मागा. रिक्रूटर सहसा देते.

गाव बदलण्याबद्दलही याच फोनवर विचारतात. घरच्यांशी बोलणं झालं नसेल तर “हो” म्हणू नका. “चाकण चालेल, कुटुंब नाशिकलाच राहील, मी शनिवार-रविवार जाऊन-येऊन करेन” हेही चालणारं उत्तर आहे. फक्त आठवड्याला सुट्टी एक की दोन, ते तिथेच विचारून घ्या.

इंग्रजीतच बोलावं लागतं का?

ती ज्या भाषेत सुरुवात करेल त्या भाषेत बोला. पण नोटीस, पगार, तारखा यांची तीन वाक्यं इंग्रजीत तयार ठेवा, कारण मराठीत गप्पा मारता मारता ती एकदम “सो व्हॉट इज युअर एलडब्ल्यूडी?” वर येते. एलडब्ल्यूडी म्हणजे लास्ट वर्किंग डे. हे माहीत नसल्याने गप्प बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

फोनवर रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले तर?

ठेवून द्या. खरा रिक्रूटर कंपनीकडून पैसे घेतो. आधार आणि बँकेचे तपशील पहिल्या फोनवर मागणाऱ्यालाही तेच उत्तर.

फोन झाल्यावर काही करायचं असतं का?

त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल टाका: सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस दोन महिने, २३ जूनपर्यंत ऑफर मिळाल्यास १ सप्टेंबरला जॉइनिंग. माझ्या त्या प्रेस शॉपवाल्या मुलाने असा मेल टाकला असता, तर माझा ‘सात’ त्याच संध्याकाळी ‘साठ’ झाला असता. आणि फेऱ्या लांबून ऑफरचा दिवस पुढे गेला, तर न विचारता नवीन तारीख कळवा. ऑफर आठ दिवस पुढे गेली की जॉइनिंगही आठ दिवस पुढे जातं. तुम्हाला ते उघड वाटतं, पण तिच्या शीटमध्ये अजून जुनीच तारीख असते.